येन गेले, डॉलर अजून आले नाहीत: सेटलमेंट जोखीम मोजायला आणि आवरायला शिकताना

ट्रेझरीच्या बॅक ऑफिसमध्ये नव्याने आलेल्यांना मी पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारते. सोमवारी आपण येन विकून डॉलर घेतले, सौदा बुधवारी सेटल होणार, म्हणजे दोन्हीकडचे पैसे प्रत्यक्ष तेव्हा हलणार. तर आपले पैसे नेमके कधीपासून कधीपर्यंत धोक्यात आहेत? जवळजवळ सगळे म्हणतात, "बुधवारी." थोडे विचार करणारे म्हणतात, "बुधवारी सकाळी येन गेल्यापासून रात्री डॉलर येईपर्यंत." मग आम्ही कागद घेऊन बसतो, आणि उत्तर निघते मंगळवार दुपारी चार ते गुरुवार सकाळी अकरा. म्हणजे त्रेचाळीस तास. हे उत्तर कसे काढायचे आणि ते तास कमी कसे करायचे, तेवढेच या लेखात आहे.

आधी मूळ घटना

सेटलमेंटच्या या जोखमीला आजही 'हर्स्टॅट रिस्क' म्हणतात. कोलोनमध्ये बँकहाउस हर्स्टॅट नावाची एक खाजगी बँक होती. परकीय चलनाच्या व्यवहारात तिने मोठा तोटा करून घेतला आणि २६ जून १९७४ रोजी जर्मन नियामकाने तिचा परवाना काढून घेतला. बँक बुडणे ही तशी नवी गोष्ट नव्हती. इथे घात केला तो वेळेने. परवाना गेला तेव्हा जर्मनीतली आंतरबँक पेमेंट व्यवस्था त्या दिवसापुरती बंद झाली होती. हर्स्टॅटला जर्मन मार्क द्यायचे होते त्या बँकांनी ते दिवसभरात देऊन टाकले होते आणि ते परत फिरवता येणार नव्हते. त्या मार्कांच्या बदल्यात मिळायचे डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते, आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. हर्स्टॅटच्या वतीने तिथले डॉलरचे व्यवहार पाहणाऱ्या करस्पॉन्डंट बँकेने तिच्या खात्यातून जाणारी डॉलरची पेमेंट थांबवली. मार्क गेले ते गेलेच, आणि डॉलर आले नाहीत.

त्यानंतर न्यूयॉर्कमधल्या बँका एकमेकींचीही पेमेंट अडवून धरू लागल्या. समोरच्याचे पैसे आल्याशिवाय आपले सोडायला कोणी तयार होईना. त्याच वर्षाच्या अखेरीस बँकांच्या देखरेखीसाठी बासेल समिती स्थापन झाली, त्यामागे ही घटना होती.

यातून एक फरक मनात पक्का बसवून घ्यायला हवा. समोरची बँक सेटलमेंटच्या *आधी* बुडली, तर आपण तोच सौदा दुसऱ्या कोणाशी करतो आणि दरात जेवढा फरक पडला तेवढे गमावतो. एक कोटी डॉलरच्या सौद्यात दर एक टक्का विरुद्ध गेला, तर नुकसान एक लाख डॉलर. तीच बँक आपले येन गेल्यावर आणि डॉलर येण्याआधी बुडली, तर नुकसान पूर्ण एक कोटीचे. सौदा तोच, समोरचा तोच, रक्कम शंभरपट. डीलिंग रूममधल्या स्क्रीनवर जी 'एक्स्पोजर' दिसते ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते. दुसऱ्या प्रकारची मोजायचे काम बॅक ऑफिसचे, आणि ते केले नाही तर ती कुठेच दिसत नाही.

पहिली पायरी: घड्याळ काढा

आपले उदाहरण पुढे नेऊ. बँक मुंबईतली. समोरची बँक परदेशातली आणि लहान. सामायिक सेटलमेंट व्यवस्थेत ती नाही, म्हणून पैसे थेट खात्याखात्यांतून जातात. हिशेब सोपा राहावा म्हणून दर १५० येनला एक डॉलर धरू. आपण १५० कोटी येन द्यायचे, एक कोटी डॉलर घ्यायचे, आणि सेटलमेंट बुधवारी.

आपले येन टोकियोतल्या करस्पॉन्डंट बँकेत असतात, आपल्या नोस्ट्रो खात्यात. येन देण्याची सूचना आपण सौदा पक्का झाला की लगेच, बहुधा सोमवारी संध्याकाळीच, पाठवतो. ती तिथे रांगेत पडून राहते. प्रत्यक्ष येन बुधवारी सकाळी टोकियोचे बँकिंग कामकाज सुरू झाल्यावर जातील. पण धोका तेव्हा सुरू होत नाही. आपण ती सूचना *हमखास* मागे घेऊ शकतो ती शेवटची वेळ ज्या क्षणी उलटते, त्या क्षणी तो सुरू होतो.

ही वेळ अंदाजाने ठरवायची नसते. करस्पॉन्डंट बँकेबरोबरच्या सेवा करारात ती लिहिलेली असते. नसेल तर लेखी विचारून घ्यावी लागते. विचारतानाचा शब्द महत्त्वाचा आहे. "साधारण कधीपर्यंत रद्द करता येईल?" असे विचारले, तर उत्तर येते की आम्ही प्रयत्न करू. "कधीपर्यंत सांगितले तर तुम्ही नक्की रद्द कराल?" या प्रश्नाचे उत्तर हवे. प्रयत्नाच्या आश्वासनावर एक कोटी डॉलर ठेवता येत नाहीत.

समजा टोकियोच्या बँकेचे उत्तर आले: आदल्या दिवशी टोकियोचे संध्याकाळी साडेसात. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे मुंबईचे मंगळवार दुपारी चार. घड्याळावरची ही पहिली खूण.

आता दुसरे टोक. डॉलर बुधवारी न्यूयॉर्कमधल्या आपल्या खात्यात येतात. समजा तिथे दुपारी दोनच्या सुमारास जमा होतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेअकरा. पैसे आले, पण ते आपल्याला *कळले* का? खातेउतारा रात्री उशिरा तयार होतो, आपल्या सिस्टीममध्ये पहाटे येतो, माणसे साडेनऊला येतात आणि जुळवणी संपते अकराला. तोपर्यंत डॉलर आले की नाही हे बँकेत कोणालाच ठाऊक नसते. म्हणून दुसरी खूण: गुरुवार सकाळी अकरा.

मंगळवार चार ते गुरुवार अकरा. त्रेचाळीस तास. यातले पहिले साडेएकतीस तास पैसे खरोखर अडकलेले होते, आणि शेवटचे साडेअकरा तास ते आलेले असूनही आपण अंधारात होतो. धोका मोजताना दोन्ही धरायचे. कारण त्या अंधाऱ्या तासांत समोरची बँक बुडाल्याची बातमी आली, तर आपण किती गमावले हे सांगता येणार नाही आणि त्या बँकेला आणखी पेमेंट सोडायचे की नाही हेही ठरवता येणार नाही.

असे घड्याळ प्रत्येक चलनजोडीसाठी आणि प्रत्येक करस्पॉन्डंट बँकेसाठी वेगळे निघते. वर्षातून दोनदा ते पुन्हा तपासावे लागते, कारण अमेरिकेत घड्याळे पुढेमागे होतात. हिवाळ्यात तेच डॉलर आपल्या वेळेनुसार रात्री साडेबाराला येतात, म्हणजे तारीखच बदलते. टोकियोत घड्याळे बदलत नाहीत, त्यामुळे फक्त डॉलर येण्याची वेळ सरकते आणि पैसे खरोखर अडकलेले असण्याचा काळ एका तासाने लांब होतो.

दुसरी पायरी: प्रत्येक सौद्याला अवस्था द्या

मध्यवर्ती बँकांच्या तज्ज्ञांनी १९९६ मध्ये बासेलमधल्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एका अहवालात सौद्याच्या पाच अवस्था मांडल्या. इतक्या वर्षांनीही तीच मांडणी कामाला येते. आमच्या तक्त्यात मी त्यांना साधी नावे दिली आहेत.

येनची सूचना अजून रद्द करता येते, तोवर सौदा 'हातात' आहे. रद्द करण्याची वेळ उलटली आणि डॉलर यायची वेळ अजून झाली नाही, तेव्हा तो 'सुटलेला'. डॉलर यायला हवे होते ती वेळ होऊन गेली, पण आले का हे पाहिलेले नाही, तेव्हा तो 'अधांतरी'. पाहिले आणि आलेले नाहीत, तर 'फसलेला'. पाहिले आणि आलेले आहेत, तर 'चुकता'.

आपला सौदा मंगळवारी चारपर्यंत हातात होता, बुधवारी रात्री साडेअकरापर्यंत सुटलेला, गुरुवारी अकरापर्यंत अधांतरी, आणि मग चुकता. कुठल्याही क्षणी एखाद्या बँकेकडे आपले किती अडकले आहे, तर सुटलेले, अधांतरी आणि फसलेले अशा सगळ्या सौद्यांत आपल्याला मिळायच्या रकमांची बेरीज.

नव्या माणसाची चूक बहुतेक वेळा 'अधांतरी' आणि 'फसलेला' यांच्या सीमेवर होते. डॉलर दिसले नाहीत की तो "येतील, उशीर झाला असेल" म्हणून सौदा अधांतरीतच ठेवतो. बऱ्याचदा ते येतातही. माझ्या पाहण्यातल्या न आलेल्या पैशांपैकी बहुतेक वेळा कारण क्षुल्लक होते: समोरच्याने आपला जुना खाते क्रमांक वापरला, किंवा पैसे आपल्याच दुसऱ्या नोस्ट्रोत जाऊन बसले. एकदा मोठी रक्कम दोन दिवस सापडत नव्हती आणि शेवटी ती वर्षापूर्वी बंद करायला सांगितलेल्या खात्यात निघाली. पण ती सापडेपर्यंत आम्ही तिला 'फसलेला' म्हणूनच धरली, आणि त्या बँकेला जाणारी पुढची पेमेंट वरिष्ठांच्या सहीशिवाय सोडली नाहीत. उशीर आणि दिवाळे सुरुवातीला अगदी सारखेच दिसतात. फरक कळतो तो फोन केल्यावर. क्लार्कची चूक असेल तर समोरचे बॅक ऑफिस पेमेंटचा संदर्भ क्रमांक आणि कोणत्या खात्यात पाठवले हे तासाभरात सांगते. उत्तर गोलगोल आले, संदर्भ क्रमांक मिळेना, फोन एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरू लागला, किंवा तीच तक्रार बाजारातल्या आणखी कोणाकडून कानावर आली, तर ताबडतोब वर कळवायचे.

तिसरी पायरी: बेरीज करा, आणि दिवस एकमेकांवर चढतात हे पाहा

इथे बहुतेक बँकांचे तक्ते चुकतात, म्हणून जरा थांबते.

समजा या बँकेसाठी आपली सेटलमेंट मर्यादा सव्वा कोटी डॉलर आहे. बुधवारचा सौदा एक कोटीचा. त्याच बँकेबरोबर गुरुवारी सेटल होणारा ऐंशी लाखांचा दुसरा सौदा आहे. नेहमीचा तक्ता दिवसानुसार पाहतो: बुधवारी एक कोटी, मर्यादेत. गुरुवारी ऐंशी लाख, मर्यादेत. सगळे हिरवे.

आता घड्याळ लावा. गुरुवारच्या सौद्याचे येन बुधवारी दुपारी चारला हातातून सुटतात. बुधवारच्या सौद्याचे डॉलर आले हे आपल्याला गुरुवारी सकाळी अकराला कळते. म्हणजे बुधवार चार ते गुरुवार अकरा, एकोणीस तास, दोन्ही सौदे एकाच वेळी धोक्यात आहेत. रक्कम एक कोटी ऐंशी लाख. मर्यादा पंचावन्न लाखांनी मोडली, आणि कोणाला कळलेच नाही.

शुक्रवार याहून वाईट. शुक्रवारी सेटल होणाऱ्या सौद्याचे येन गुरुवारी चारला सुटतात. डॉलर शुक्रवारी रात्री येतात, उतारा शनिवारी सकाळी येतो, आणि तो सोमवारी अकराला पाहिला जातो. एक्क्याण्णव तास. सोमवारी सेटल होणाऱ्या सौद्याची सूचना टोकियोची बँक आधीच्या कामाच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी चारनंतर, रद्द करायला तयार नसेल, तर पूर्ण शनिवार-रविवार दोन दिवसांचे सौदे एकमेकांवर चढलेले असतात. बँका बंद करायचे निर्णय नियामक बहुधा शुक्रवारी संध्याकाळनंतर किंवा शनिवार-रविवारी घेतात, हेही इथे लक्षात ठेवावे.

आपल्याकडच्या सुट्ट्यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो. येन-डॉलर सौद्याची सेटलमेंट तारीख टोकियो आणि न्यूयॉर्कच्या सुट्ट्यांवरून ठरते. गणेश चतुर्थीला मुंबईतले ऑफिस बंद असले, तरी टोकियोतून येन वेळेवर जातात. फक्त डॉलर आले का हे पाहायला इथे कोणी नसते. वर्षाच्या सुरुवातीला तिन्ही ठिकाणच्या सुट्ट्या एका कागदावर मांडाव्यात आणि ज्या दिवशी फक्त मुंबई बंद आहे त्यांना लाल खूण करावी. त्या दिवसांसाठी एक माणूस आधीच नेमून ठेवायचा.

चौथी पायरी: खिडकी लहान करा

पैसे खर्च न करता बरेच काही करता येते, आणि नवीन माणसाला इथे खरोखर फरक पाडता येतो.

आधी पहिले टोक. टोकियोच्या बँकेशी बोलून रद्द करण्याची वेळ पुढे ढकलता येते का पाहा. समजा ते म्हणाले, बुधवारी टोकियोचे सकाळी आठ. आपल्याकडचे पहाटे साडेचार. कागदावर साडेबारा तास वाचले. पण पहाटे साडेचारला रद्द करण्याचा निर्णय घेणारा आणि सही करणारा अधिकारी आपल्याकडे आहे का? रात्रपाळी अकराला संपत असेल, तर आपली खरी वेळ मंगळवार रात्री अकरा हीच. करारातली वेळ आणि माणसांची वेळ यांतली जी आधी येते ती घड्याळावर लिहायची. हे मान्य करायला बरेच जण नाराज असतात, कारण कराराची वेळ लिहिली की तक्ता छान दिसतो.

मग दुसरे टोक. उताऱ्याची वाट पाहण्याऐवजी न्यूयॉर्कच्या बँकेकडून पैसे जमा होताच सूचना मागवा. बँकांच्या संदेशजाळ्यावर, म्हणजे स्विफ्टवर, पूर्वी ही `MT910` होती, नव्या पद्धतीत `camt.054`. रात्री साडेअकराला ती आली आणि रात्रपाळीतला माणूस मध्यरात्रीपर्यंत थांबून जुळवत असेल, तर सौदा गुरुवारी अकराऐवजी बुधवारी मध्यरात्री चुकता होतो. हिवाळ्यात त्यालाच एक तास जास्त थांबावे लागेल. आणि रात्रपाळी मध्यरात्रीपर्यंत थांबणारच असेल, तर रद्द करण्याचे अधिकारही तिला तोपर्यंत द्या. म्हणजे पहिले टोकही मध्यरात्रीवर जाते.

नवे घड्याळ: मंगळवार मध्यरात्र ते बुधवार मध्यरात्र. त्रेचाळीस तासांचे चोवीस झाले. त्याहून मोठी गोष्ट, दोन दिवसांचे सौदे एकमेकांवर चढण्याचे एकोणीस तास जवळजवळ शून्य झाले. त्या सव्वा कोटीच्या मर्यादेत आता बुधवार आणि गुरुवार दोन्ही खरोखर बसतात. फक्त जमा-सूचना उशिरा आली तर तेवढा वेळ चढणारच, म्हणून मध्यरात्रीच्या पुढची वीस-तीस मिनिटे हातात ठेवावीत.

पाचवी पायरी: जमेल तेवढे सौदे या वाटेवरून काढून घ्या

एका बँकेबरोबर दोन्ही दिशांचे सौदे असतील, तर नेटिंग हा सोपा उपाय. आपण १५० कोटी येन देऊन एक कोटी डॉलर घेणार आहोत, आणि त्याच दिवशी त्याच बँकेकडून १२० कोटी येन घेऊन ऐंशी लाख डॉलर देणार आहोत. नेटिंगचा करार असेल तर प्रत्यक्ष जातात तीस कोटी येन आणि येतात वीस लाख डॉलर. धोक्यातली रक्कम एक कोटीवरून वीस लाखांवर आली. मात्र करार सही केलेला हवा, आणि समोरच्याच्या देशातल्या दिवाळखोरी कायद्यापुढे तो टिकतो असे वकिलाचे लेखी मत हवे. भारतात द्विपक्षीय नेटिंगचा कायदा २०२० पासून लागू आहे. रोजच्या कामातली अडचण वेगळीच असते. निव्वळ आकडा दोन्ही बॅक ऑफिसनी रद्द करण्याच्या वेळेआधी पक्का करावा लागतो. तो झाला नाही तर दोन्ही सौदे पूर्ण रकमेनेच सुटतात, आणि तक्त्यात मात्र वीस लाख लिहिलेले राहतात.

मोठा उपाय म्हणजे दोन्ही चलने एकाच वेळी हलवणे. एक बाजू पूर्ण झाली तरच दुसरी होते, नाहीतर दोन्ही होत नाहीत. याला पेमेंट व्हर्सस पेमेंट म्हणतात. त्यासाठीची सर्वांत मोठी व्यवस्था सीएलएस बँक, जी सप्टेंबर २००२ मध्ये सात चलनांनिशी सुरू झाली. आज तिथे अठरा चलने आहेत. मध्य युरोपच्या सकाळी, टोकियोची संध्याकाळ आणि न्यूयॉर्कची पहाट ज्या काही तासांत एकत्र येतात, तेव्हा सगळ्या देशांच्या पेमेंट व्यवस्था उघड्या ठेवून ती सौदे एकेक करून पूर्ण करते. हर्स्टॅटच्या वेळी ज्या तासांच्या फटीत पैसे पडले, ती फटच इथे बुजवलेली आहे.

पण सीएलएसबद्दल एक गैरसमज मी सतत ऐकते: तिथे गेलो की सौदा पूर्ण होणारच. तशी हमी ती देत नाही. समोरच्याने आपला वाटा भरला नाही तर सौदा पूर्ण होत नाही आणि आपले येन आपल्याकडेच राहतात. मुद्दल वाचते. पण डॉलर त्या दिवशी मिळत नाहीत, ते दुसरीकडून उभे करावे लागतात, आणि नवा सौदा नव्या दराने करावा लागतो. म्हणून सीएलएसमधून जाणाऱ्या सौद्यांनाही रोख तरलतेची तरतूद लागते.

आणि अठरा चलनांत रुपया नाही.

रुपया-डॉलरसाठी आपल्याकडे वेगळी वाट आहे. मुंबईत दादरला मुख्यालय असलेली क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआयएल, २००१ मध्ये स्थापन झाली आणि नोव्हेंबर २००२ पासून बँकांमधले रुपया-डॉलर सौदे सेटल करते. सीएलएसपेक्षा तिची पद्धत मुळातच निराळी आहे. सौदा स्वीकारल्यावर सीसीआयएल स्वतः मध्ये उभी राहते. आपण ज्या बँकेशी सौदा केला ती बाजूला होते आणि दोन्हीकडे समोरचा पक्ष सीसीआयएल होतो. सर्व सदस्यांचे सौदे एकत्र करून प्रत्येकाला एकच रुपयाचा आणि एकच डॉलरचा निव्वळ आकडा मिळतो. रुपये रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांतून, डॉलर न्यूयॉर्कमधल्या खात्यांतून. एखादा सदस्य चुकला तर त्याने आधीच ठेवलेले मार्जिन आणि सदस्यांचा डिफॉल्ट फंड यांतून सीसीआयएल बाकीच्यांचे सौदे पूर्ण करते. २००५ पासून भारतीय बँकांना त्यांचे परकीय चलनांमधले सौदे सीसीआयएलमार्फत सीएलएसमध्ये नेण्याचीही सोय आहे.

म्हणून नवीन माणसाने आपल्या बँकेचे सौदे तीन ढिगांत वेगळे करावेत: सीसीआयएलमधून जाणारे, सीएलएसमधून जाणारे, आणि उरलेले. वरचे घड्याळ आणि पाच अवस्था मुख्यतः त्या उरलेल्या ढिगासाठी आहेत. ज्यांची चलने सीएलएसमध्ये नाहीत, ज्यांची समोरची बँक सदस्य नाही, किंवा जे सौदे त्याच दिवशी सेटल करायचे म्हणून घाईत वेगळ्या वाटेने गेले, ते सगळे इथे येतात. जगभरातही हा ढीग लहान नाही. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या २०२२ च्या पाहणीत रोज सुमारे २.२ लाख कोटी डॉलरचे सौदे कुठल्याही संरक्षणाशिवाय सेटल होत असल्याचे आढळले.

सहावी पायरी: बातमी आली त्या दिवशी

१५ सप्टेंबर २००८, सोमवार. लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. शनिवार-रविवारभर जगातला प्रत्येक वित्त वार्ताहर त्याच बँकेबद्दल बोलत होता. तरीही जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू हिच्याकडून त्या सोमवारी सकाळी लेहमनला सुमारे तीस कोटी युरो गेले. आधी ठरलेल्या चलन-अदलाबदलीचा तो एक हप्ता होता आणि सूचना रांगेत होती. ठरल्या वेळी यंत्राने ती सोडली. बदल्यातले डॉलर आले नाहीत.

हे वाचले की मला नेहमी त्या शुक्रवारची संध्याकाळ आठवते. म्हणजे ती तिथे जशी असायला हवी होती तशी. शुक्रवारी ऑफिस सुटण्याआधी कोणीतरी "सोमवारी लेहमनला काय जाते आहे?" असा प्रश्न विचारून यादी काढली असती, तर ते पेमेंट अजून 'हातात' होते. माहितीची उणीव नव्हती. पण रांगेतले ते पेमेंट सोमवारी सकाळपर्यंत कोणी थांबवले नाही.

म्हणून आमच्या टेबलावर एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर क्रम लिहिलेला असतो. एखाद्या बँकेबद्दल गंभीर बातमी आली की सर्वांत आधी तिच्या नावाची 'हातात' असलेली सर्व पेमेंट थोपवायची, कायदेशीर मत नंतर. आपल्या सिस्टीममध्ये थोपवता आली तर उत्तम. सूचना बाहेर गेली असेल तर करस्पॉन्डंट बँकेला रद्द करण्याचा संदेश, `camt.056`, पाठवायचा आणि त्याच मिनिटाला फोनही करायचा, कारण संदेश रांगेत पडू शकतो. रद्द करण्याची वेळ उलटली असली तरी संदेश पाठवायचाच. हमी नसते, पण कधीकधी पेमेंट अजून सुटलेले नसते.

त्यानंतर 'सुटलेल्या' आणि 'अधांतरी' सौद्यांची यादी, रकमेसह, दहा मिनिटांत वरिष्ठांच्या हातात. ज्या चलनात पैसे येणार नाहीत असे दिसते त्याची रोख व्यवस्था डीलरने लगेच सुरू करायची, कारण संध्याकाळी आपल्यालाही कोणालातरी तेच डॉलर द्यायचे असतात. आणि जे पेमेंट थांबवले त्यासाठी समोरची बँक जिवंत निघाली तर आपण व्याज देणे लागू शकतो, हेही लिहून ठेवायचे. एक कोटी डॉलरवर पाच टक्के दराने एका दिवसाचे व्याज चौदाशे डॉलरच्या आसपास होते. करार मोडल्याचा वाद वेगळा होऊ शकतो, म्हणून कोणत्या परिस्थितीत थांबवायचे हे विधी विभागाकडून शांततेच्या काळातच लिहून घ्यावे.

या कागदावर अधिकाऱ्याचे एक नाव, त्याच्या गैरहजेरीतले दुसरे नाव आणि दोघांचे घरचे फोन असतात. टोकियो आणि न्यूयॉर्कच्या बँकांच्या रात्रीच्या टेबलांचे थेट क्रमांक असतात. दर तिमाहीला आम्ही एका शुक्रवारी, न सांगता, एखाद्या बँकेचे नाव घेऊन तालीम करतो: तिला पुढच्या दोन दिवसांत काय काय जाते आहे ते काढून दाखवा. पहिल्या वेळी यादी यायला एक तास चाळीस मिनिटे लागली होती, आणि तीत एक पेमेंट राहून गेले होते. गेल्या वेळी नऊ मिनिटे लागली.